माल कस्टम्सच्या तपासणीत थांबतो तेव्हा ग्राहकाला काय कळवायचे

परदेशातून आलेला माल सीमाशुल्क खात्याने तपासणीसाठी थांबवला, की आयातदाराला ही बातमी बहुतेक वेळा त्याच्या कस्टम्स ब्रोकरकडून म्हणजे क्लिअरिंग एजंटकडून कळते. बंदरावर आयातदार स्वतः हजर नसतो. अधिकाऱ्याची शंका, तपासणीचा आदेश, कंटेनर कुठे उभा आहे, हे सगळे आधी एजंटच्या पडद्यावर दिसते. म्हणून एजंटने पाठवलेल्या सूचनेवरच आयातदाराचे पुढचे दोन-तीन आठवडे अवलंबून असतात. ‘माल कस्टम्समध्ये अडकला आहे, बघतो’ एवढाच निरोप मिळाला, तर त्याला गिऱ्हाइकांना काय सांगावे, पैशांची काय तजवीज करावी आणि कोणते कागद शोधावेत, यातले काहीच कळत नाही. सीमाशुल्क दलालांच्या परवान्यासंबंधी २०१८ चे जे नियम आहेत, त्यांनुसार मालाच्या सोडवणुकीबाबत खात्याने काढलेल्या आदेशातली वा सूचनेतली माहिती, ती मिळण्याचा हक्क असलेल्या ग्राहकापासून दडवून ठेवता येत नाही. त्यामुळे वेळेवर आणि नेमके कळवणे हे एजंटाचे कर्तव्यच ठरते.

सूचना नीट लिहायची तर माल नेमका कोणत्या पायरीवर थांबला आहे, हे आधी स्पष्ट हवे. न्हावा शेवा बंदरात समुद्रमार्गे आलेला कंटेनर बहुधा उरण-पनवेल भागातल्या एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या सीएफएसमध्ये, नेला जातो. त्याच्यासाठी बिल ऑफ एंट्री हा आयातीचा दाखला आइसगेट या संकेतस्थळावरून भरलेला असतो. खात्याची जोखीम-व्यवस्थापन प्रणाली तो दाखला तपासते. काही दाखले पुढच्या छाननीशिवाय मोकळे होतात, काही अधिकाऱ्याकडे मूल्यांकनासाठी जातात आणि काहींना प्रत्यक्ष तपासणी लागते. २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘फेसलेस’ पद्धतीत मूल्यांकन करणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. त्याची शंका, म्हणजे क्वेरी, पडद्यावर येते आणि तिचे उत्तरही पडद्यावरूनच द्यावे लागते. कंटेनर उघडून पाहणारा अधिकारी मात्र बंदराजवळचाच असतो. तेव्हा ‘माल तपासणीत आहे’ या एका वाक्यामागे दोन वेगवेगळ्या ठिकाणची कामे असतात आणि दोन्हींचा वेग वेगळा असतो.

तपासणीचा आदेश मूल्यांकनाच्या आधी आहे की नंतर, यानेही फरक पडतो. आधी मागितलेल्या तपासणीला ‘फर्स्ट चेक’ म्हणतात. वर्गीकरण किंवा किंमत ठरवायला अधिकाऱ्याला आधी मालच पाहायचा असतो, म्हणून शुल्काचा आकडा तोवर ठरत नाही. ‘सेकंड चेक’मध्ये मूल्यांकन होऊन शुल्काचा आकडा आलेला असतो आणि मग माल दाखल्याशी जुळतो का, ते पाहिले जाते. दुसऱ्या प्रकारात आयातदार कधी कधी चुकतो. माल हातात आलेला नाही, मग शुल्क कशाला भरायचे, असा विचार करून तो थांबतो. पण मूल्यांकन करून दाखला परत आला, की शुल्क पुढच्या कामाच्या दिवशी भरावे लागते. त्यानंतर वार्षिक १५ टक्के दराने व्याज सुरू होते, तपासणी बाकी असली तरीही. म्हणून तपासणी कोणत्या प्रकारची आहे, हे सूचनेत लिहिलेच पाहिजे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तपासणी आणि जप्ती यांतला फरक. तपासणी ही रोजची प्रशासकीय क्रिया आहे. जप्ती सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ११० खाली होते आणि तिच्यासाठी माल सरकारजमा होण्यास पात्र आहे असे मानायला अधिकाऱ्याकडे कारण असावे लागते. जप्तीचा लेखी आदेश निघाल्याशिवाय ‘माल पकडला’ किंवा ‘जप्त झाला’ असे शब्द सूचनेत आले, तर आयातदार घाबरून आगाऊ पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाला भलतेच काही सांगून बसतो. त्याचप्रमाणे खरोखर जप्ती झाली असताना तिला ‘नेहमीची तपासणी’ म्हणणेही घातक आहे, कारण तेव्हा गाठायचा माणूस वकील असतो.

एका उदाहरणावरून हे सगळे नीट कळेल. उदाहरण बेतलेले आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी अशीच घडते. पुण्यातला एक व्यापारी व्हिएतनामच्या हायफाँग बंदरातून सोफ्याला लागणारे पॉलिएस्टरचे कापड मागवतो. वीस फुटी एक कंटेनर, २१० रोल, प्रत्येक रोल ५० मीटर लांब आणि १.४ मीटर पन्ह्याचा. इन्व्हॉइसमध्ये कापडाचे वजन २८० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २८० ग्रॅम, लिहिले आहे. आसियान-भारत करारानुसार शुल्कात सवलत मागितली आहे आणि व्हिएतनामचे मूळदेश प्रमाणपत्र जोडले आहे. कंटेनर शनिवारी जहाजावरून उतरतो, सोमवारी सीएफएसला पोचतो आणि त्याच दुपारी फर्स्ट चेकचा आदेश येतो : रोल मोजा, जीएसएम तपासा, नमुना काढा. त्यासोबत दोन शंका असतात, एक वजनाबद्दल आणि दुसरी मूळदेशाबद्दल.

वजनाची शंका कशातून आली, हे कागदांवरूनच काढता येते. २१० रोल, ५० मीटर आणि १.४ मीटर यांचा गुणाकार १४,७०० चौरस मीटर होतो. २८० ग्रॅमच्या हिशेबाने कापड ४,११६ किलो भरायला हवे. पॅकिंग लिस्टमध्ये मात्र निव्वळ वजन ४,७०४ किलो आहे. ते १४,७०० ने भागले, की ३२० जीएसएम येतात. अधिकाऱ्याच्या नजरेतून पाहिले तर जाहीर केल्यापेक्षा जड, कदाचित महाग, कदाचित वेगळ्याच प्रकारचे कापड आले असावे. किंवा मीटरच जास्त असावेत. त्याने थांबवले यात गैर काहीच नाही.

एजंटाने हा हिशेब सूचनेतच मांडला, तर आयातदाराला उत्तर कुठे शोधायचे ते चटकन कळते. इथे उत्तर कापडाच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीत आहे. प्रत्येक रोल जाड नळीवर गुंडाळलेला असून नळीचे वजन २.८ किलो आहे. २१० नळ्यांचे ५८८ किलो होतात. ४,७०४ मधून ते वजा केले, की बरोबर ४,११६ उरतात. पुरवठादाराने निव्वळ वजनात नळ्या धरल्या होत्या. तपासणीच्या वेळी एक रोल उलगडून नळी काट्यावर ठेवली आणि कापडाचा मोजून कापलेला तुकडा वजन केला, तर शंका तिथेच मिटू शकते. पण त्यासाठी एजंटाचा माणूस हा मुद्दा घेऊन तपासणीला हजर हवा आणि पुरवठादाराचे खुलासापत्र व रोलवार वजनाची यादी हाताशी हवी.

अशा वेळी पुरवठादाराकडून जुन्या तारखेची ‘दुरुस्त’ पॅकिंग लिस्ट मागवण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. खाते आधी भरलेली यादी पाहून बसले आहे. त्याच क्रमांकाची, त्याच तारखेची वेगळी यादी आली, तर मूळची साधी चूक बनावट कागदाच्या संशयात बदलते. जाणूनबुजून खोटे कागद वापरल्यास कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. चूक असेल तर आजच्या तारखेचे खुलासापत्र द्यावे आणि दाखल्यात बदल लागत असेल तर कलम १४९ खाली रीतसर दुरुस्ती मागावी. आयातदाराला पाठवायच्या सूचनेत ही एक ओळ आवर्जून असावी, कारण घाईत असलेल्या माणसाला नेमकी हीच गोष्ट सुचत नाही.

मूळदेशाची शंका वेगळ्या जातीची आहे. सवलत मागणाऱ्याने नुसते प्रमाणपत्र जोडून भागत नाही. २०२० मध्ये आलेल्या नियमांनुसार माल त्या देशाचा कसा ठरतो, याची किमान माहिती आयातदाराकडे आधीपासून असायला हवी आणि अधिकाऱ्याने मागितल्यापासून दहा कामाच्या दिवसांत ती द्यावी लागते. सोफ्याच्या कापडाच्या बाबतीत प्रश्न असे असतात : सूत कुठले, विणकाम कुठे झाले, रंगाई कुठे झाली. आसियान करारातल्या सर्वसाधारण निकषानुसार मालाच्या जहाजावर चढवलेल्या किमतीपैकी किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांमधले असावे लागते आणि बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा शुल्क-वर्ग तयार मालाच्या वर्गापेक्षा वेगळा असावा लागतो. चीनचे सूत व्हिएतनाममध्ये विणले, तर निकष पाळला जाण्याला वाव आहे. चीनचेच विणलेले कापड तिथे फक्त गुंडाळून पाठवले, तर नाही. शिवाय माल वाटेत तिसऱ्या बंदरात दुसऱ्या जहाजावर चढला असेल, तर हायफाँगपासून न्हावा शेवापर्यंतचे सलग बिल ऑफ लेडिंग दाखवावे लागते.

म्हणजे या एका मालासाठी मागितले जाऊ शकणारे कागद दोन गठ्ठ्यांत पडतात. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, मूळदेश प्रमाणपत्र, विम्याचा कागद हे आधीच ई-संचित या प्रणालीवर चढवलेले असतात. ते पुन्हा मागून आयातदाराला दमवण्यात अर्थ नाही. नव्याने लागणारे कागद वेगळे : पुरवठादाराशी झालेला करार किंवा खरेदीचा आदेश, बँकेतून पाठवलेल्या पैशांचा पुरावा, कापडाचे तांत्रिक पत्रक, रोलवार यादी, खुलासापत्र आणि मूळदेशाबद्दलची माहिती. किमतीवर शंका आली, तर करार आणि पैशांचा पुरावा हेच सर्वांत उपयोगी पडतात, कारण २००७ च्या मूल्यांकन नियमांतील नियम १२ प्रमाणे शंका घेतल्यावर अधिकारी जाहीर किमतीच्या खरेपणाचा पुरावा मागतो. माल बदलला की यादीही बदलते. झाडे, बियाणे, शेतमाल असेल तर निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी, खेळण्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचा परवाना, वापरलेल्या यंत्रासाठी चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला. म्हणून कुठल्याही मालाला चालेल अशी छापील यादी पाठवणे निरुपयोगी ठरते. अधिकाऱ्याने खरोखर काय मागितले आणि पुढे काय मागेल असे एजंटाला वाटते, हे वेगवेगळे लिहावे.

किती उशीर होईल, हा आयातदाराचा पहिला प्रश्न असतो आणि एकच तारीख देऊन त्याचे खरे उत्तर देता येत नाही. उशीर पायऱ्यांनी सांगावा. कंटेनर तपासणीच्या जागी आणून उघडायला सीएफएसच्या गर्दीनुसार एक-दोन दिवस जातात. तपासणीचा अहवाल लवकर चढतो. मग चेंडू दूरच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे जातो आणि आयातदाराचे उत्तर अपुरे असेल तर नवी शंका येते. प्रत्येक नव्या शंकेला पुन्हा काही दिवस. नमुना प्रयोगशाळेत गेला तर सगळा अंदाजच बदलतो, कारण अहवालाला एखादा आठवडाही लागतो आणि कधी त्याहून बराच जास्त. व्हिएतनामकडे प्रमाणपत्राची खातरजमा करायला पाठवले, तर महिने जाऊ शकतात.

इथेच आयातदाराला एक मार्ग सांगायला हवा, जो अनेकांना माहीत नसतो. कलम १८ खाली तात्पुरते मूल्यांकन करून घेता येते. प्रयोगशाळेचा किंवा खातरजमेचा निकाल येईपर्यंत आयातदार बंधपत्र देतो, सवलतीच्या आणि पूर्ण शुल्कातल्या फरकाएवढी हमी देतो आणि माल सोडवून नेतो. समजा फरक पाच लाखांचा आहे. बँक हमीसाठी तेवढी रक्कम अडकवायची की माल दोन-तीन आठवडे सीएफएसमध्ये ठेवायचा, हा निर्णय धंद्याचा आहे आणि तो आयातदारानेच घ्यायचा. पण हा पर्याय त्याला पहिल्याच दिवशी सांगितला, तर बँकेत जायला वेळ मिळतो.

पैशांच्या बाजूने दोन घड्याळे चालू असतात. एक सीएफएसचे भाडे, दुसरे जहाज कंपनीचे कंटेनर परत न केल्याबद्दलचे डिटेन्शन. दोघांचे मोफत दिवस वेगळे, मोजायची सुरुवातही वेगळी. वरच्या उदाहरणात समजा जहाज कंपनीचे सात मोफत दिवस शनिवारपासून मोजून शुक्रवारी संपतात आणि सीएफएसचे त्याआधीच बुधवारी. जहाज कंपनीचे घड्याळ थांबवण्याचा एक उपाय म्हणजे परवानगी घेऊन कंटेनर सीएफएसच्या शेडमध्ये रिकामा करणे आणि मोकळा कंटेनर परत करणे. माल लवकर सुटणार नाही असे दिसले, तर कलम ४९ खाली तो गोदामात ठेवण्याचीही परवानगी मागता येते, सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत.

सीमाशुल्क खात्याने जप्त किंवा अडवून ठेवलेल्या मालावर सीएफएसने भाडे आकारू नये, असे २००९ च्या नियमांत आहे आणि त्यासाठी खात्याकडून तसा दाखला मागता येतो. मात्र नेहमीच्या तपासणीतल्या आणि शंकांच्या उत्तरातल्या दिवसांना ही सूट मिळेलच, असे धरून चालता येत नाही. आयातदाराच्या उत्तराला लागलेले दिवस तर त्याच्याच खात्यावर पडतात. ‘भाडे माफ होईल’ असे सूचनेत लिहिणे म्हणजे हातात नसलेल्या गोष्टीचे वचन देणे. माल उतरल्यापासून ३० दिवसांत सोडवला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याचा अधिकार कलम ४८ देते. प्रकरण लांबणार असेल, तर ही मुदतही कळवून ठेवावी.

हे सगळे धरून सोमवारी संध्याकाळी जाणारी सूचना साधारण अशी असेल :

‘सप्रेम नमस्कार. हायफाँगहून आलेल्या आपल्या कापडाच्या कंटेनरवर आज दुपारी फर्स्ट चेक तपासणीचा आदेश आला आहे. बिल ऑफ एंट्री क्रमांक व कंटेनर क्रमांक वर दिले आहेत. माल जप्त झालेला नाही. शुल्काचा आकडा अजून ठरलेला नाही, त्यामुळे आज काही भरायचे नाही. अधिकाऱ्यांच्या दोन शंका आहेत. त्यांची प्रत जोडली आहे. पहिली : पॅकिंग लिस्टमधले वजन ३२० जीएसएम दाखवते, इन्व्हॉइसमध्ये २८० आहे. निव्वळ वजनात पुठ्ठ्याच्या नळ्या धरल्या आहेत का, हे पुरवठादाराला आजच विचारावे आणि आजच्या तारखेचे खुलासापत्र व रोलवार वजने बुधवारी सकाळपर्यंत पाठवावीत. जुन्या तारखेची नवी पॅकिंग लिस्ट कृपया मागवू नये. दुसरी : मूळदेशाची माहिती, म्हणजे सूत, विणकाम आणि रंगाई कुठली. यासाठी दहा कामाचे दिवस आहेत, पण लवकर दिल्यास आपलाच वेळ वाचेल. तपासणी बुधवारी किंवा गुरुवारी होईल असा अंदाज आहे. शंका तिथे मिटल्या तर पुढच्या आठवड्याच्या सुरुवातीला माल सुटू शकेल. नमुना प्रयोगशाळेत गेला तर दोन ते तीन आठवडे धरावेत. तसे झाल्यास हमी देऊन माल आधी सोडवता येईल. बँकेशी बोलून ठेवावे. सीएफएसचे मोफत दिवस बुधवारी आणि जहाज कंपनीचे शुक्रवारी संपतात. त्यानंतरचा खर्च आपल्याकडे येईल. तपासणी होताच पुन्हा कळवतो.’

या पत्रातली सर्वांत जपून लिहिलेली जागा अंदाजाची आहे. प्रत्येक अंदाजाला त्याची अट जोडलेली आहे. गुरुवारी नमुना खरोखर प्रयोगशाळेत गेला, तर दुसऱ्या सूचनेत नवी तारीख आणि ती बदलण्याचे कारण एवढेच लिहिले तरी पुरते, कारण आयातदाराला ती शक्यता आधीच ठाऊक असते. पहिल्याच पत्रात ‘शनिवारपर्यंत नक्की’ असे लिहिले असते, तर आयातदाराने तेच वचन आपल्या सोफा कारखानदारांना दिले असते.

सूचना मिळणाऱ्यानेही ती पारखून घ्यावी. ‘तुमचे पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे, या खात्यावर पैसे भरा’ असे फसवे संदेश सर्रास येतात. खऱ्या सूचनेत बिल ऑफ एंट्रीचा किंवा मालाचा असा क्रमांक असतो, की त्यावरून स्थिती आइसगेटवर पाहता येते. शुल्क अधिकृत ई-पेमेंटमधूनच भरले जाते, कुणा अधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर नाही. खात्याच्या समन्सवर व पत्रांवर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक छापला जातो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. एजंटाने शंकेची प्रत आणि क्रमांक पत्रासोबत जोडले, तर ही पडताळणी आयातदाराला स्वतः करता येते.